फोटोखालच्या दोन ओळी

दिवाळीची सुट्टी संपत आली की फोन उघडताच शाळा दिसायला लागतात. कुणाची पंधरा वर्षांनी भेट, कुणाची पंचवीस वर्षांनी. मागे शाळेची इमारत, पुढे बाकांवर बसलेले सर आणि बाई, त्यांच्यामागे फेटे बांधलेली, पोट आत घेऊन उभी असलेली आपल्याच वयाची माणसं. या फोटोंखाली जे लिहिलेलं असतं ते बहुतेक दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे ‘काय दिवस होते ते!’, ‘गेले ते दिवस’, ‘मिस यू ऑल’ आणि चार बदाम. दुसरा प्रकार कमी असतो, पण लक्षात राहतो. कुणीतरी जोशात येऊन लिहितो, ‘अरे, तुला आठवतंय का, तुझ्या वडिलांनी शाळेत येऊन काय तमाशा केला होता?’ त्याच्याखाली हसण्याचे पाच-सहा चेहरे पडतात आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय तो त्या दिवसापासून गप्प होतो.

पहिल्या प्रकारात आठवणच नसते. दुसऱ्या प्रकारात ती असते, पण ती लिहिणाऱ्याची नसते. या दोहोंच्या मधली जागा दोन ओळींची असेल नसेल. ती सापडायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली, म्हणून तिच्याबद्दल लिहितोय.

आमची दहावीची बॅच २००९ची. शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातली, पाचवी ते दहावी, ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन तुकड्या. भेटीला मला जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीनं फोटो टाकला. एकतीस जण मोजले. त्यातले बरेचसे चेहरे मी लगेच ओळखले, पण नावं मात्र अर्ध्यांचीच आठवली. बाकीच्यांच्या बाबतीत तो कुठल्या बाकावर बसायचा, त्याच्या डब्यात काय असायचं, हे सगळं आठवायचं आणि नाव ओठावर येऊन अडायचं.

हे काही माझ्या एकट्याचं नाही. १९७५ साली हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ३९२ जणांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना शाळा सोडून काहीच महिने झाले होते, तर काहींना जवळजवळ पन्नास वर्षं. शाळेच्या वार्षिकांकातले फोटो त्यांना दाखवले. अनोळखी चेहऱ्यांमध्ये आपल्या वर्गातला चेहरा मिसळून दिला, तर पंधरा वर्षांनंतरही लोक तो सुमारे ९० टक्के वेळा बरोबर ओळखत होते. पण काहीही न दाखवता ‘वर्गातल्यांची नावं लिहा’ म्हटलं, की फार थोडी नावं निघायची. म्हणजे आठवण आत शाबूत असते, पण ती आपली आपण वर येत नाही. तिला समोरून काहीतरी दिसावं लागतं. फोटो नेमकं तेच काम करतो. आणि फोटोखाली लिहिलेली चांगली ओळसुद्धा तेच काम करू शकते. आठवण सांगून टाकायची नाही, समोरच्याला ती आपली आपण सापडेल इतपत काहीतरी दाखवायचं.

हे आता लिहायला सोपं वाटतं. त्या संध्याकाळी मी काय काय लिहिलं आणि पुसलं, ते क्रमानं सांगतो.

पहिल्यांदा लिहिलं, ‘काय मस्त दिसताय सगळे! शाळेचे दिवस परत येणार नाहीत.’ लिहून वाचलं आणि लक्षात आलं की हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेच्या कुठल्याही फोटोखाली चालेल. लग्नाच्या फोटोखालीसुद्धा थोड्या फरकानं चालेल. जे कुठेही चालतं ते इथलं नसतं. पुसलं.

मग माझी नजर फोटोच्या मध्यभागी उभ्या असलेल्या एका मित्रावर गेली. चांगला झब्बा, डोळ्यांवर काळा चष्मा, हात सरांच्या खुर्चीच्या पाठीवर. त्या दिवसाच्या जेवणाचा खर्च त्यानं एकट्यानं केला, असं नंतर कळलं. त्याला बघताच मला जे आठवलं ते असं : आठवीत फी न भरलेल्यांची नावं वर्गात वाचून दाखवायचे आणि त्यांना तासभर बाहेर उभं करायचे. तो खिडकीशी उभा राहायचा. मी खिडकीजवळच्या बाकावर बसायचो. तो बाहेरून फळ्याकडे बघत वही खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून गणितं उतरवून घ्यायचा. एकही तास त्यानं त्या कारणानं बुडू दिला नाही.

मी लिहायला लागलो, ‘खिडकीबाहेर उभं राहून गणितं उतरवणारा हा पोरगा आज सगळ्यांना जेवू घालतोय…’ वाक्य जमत होतं. वाचणाऱ्याचा गळा दाटून आला असता, मलाही शंभर बदाम मिळाले असते. आणि हे सगळं खरं होतं, शिवाय कौतुकाचं होतं.

इथे मी थांबलो, कारण एक साधा प्रश्न मनात आला. ही आठवण कुणाची? खिडकीच्या आत बसलेल्याची की बाहेर उभ्या असलेल्याची? मी बघत होतो, इतकाच माझा हक्क. उभा तो होता. त्यानं ही गोष्ट बायकोला सांगितली आहे का, मला माहीत नाही. त्याच्याकडे कामाला असलेली पोरं तो फोटो बघणार. त्याच्या मुलीचे शाळेतले मित्र बघणार. ‘गरिबीतून वर आलेला’ अशी ओळख त्याला हवी आहे की नको, हे ठरवायचा अधिकार फक्त त्याचा. कौतुक म्हणून दिलेली गोष्टही एखाद्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून घेऊ शकते. शिव्या दिल्या तर माणूस उलटून बोलू तरी शकतो. कौतुकाला उत्तर म्हणून त्याला हात जोडण्याचं चिन्हच टाकावं लागतं.

(इथे लिहितानाही त्याच्या गोष्टीतले एक-दोन तपशील मी बदलले आहेत. तो ओळखू येणार नाही.)

हाच प्रश्न मग मी इतर आठवणींना लावत गेलो. टोपणनावं? शाळेत प्रत्येकाला एक होतं. काही मजेशीर, पण कितीतरी नावं रंगावरून, तोतरं बोलण्यावरून, वडिलांच्या धंद्यावरून पडलेली. ती ठेवणारे एक होते आणि सोसणारे वेगळे. चिठ्ठ्या? वहीच्या शेवटच्या पानावरच्या बाणाच्या खुणा? त्यातले दोघे फोटोत आहेत, दोन टोकांना उभे. दोघांची लग्नं झालीत, वेगवेगळी. सरांचा मार? तो मजेत सांगणारे पुष्कळ असतात, पण सर पुढच्या रांगेत बसलेत, सत्तरी ओलांडलेले, गळ्यात शाल. त्यांच्या नातवानं हे वाचावं असं मला वाटत नव्हतं.

एक लक्षात आलं. या सगळ्या आठवणींमध्ये एक माणूस कर्ता आणि एक माणूस विषय होता. जी आठवण सांगण्यासाठी कुणाला तरी विषय बनवावं लागतं, ती फोटोखाली लिहिण्यासारखी नाही. ती फोनवर बोलण्याची, किंवा समोरासमोर, आणि तीही त्यानं काढली तर.

मग वाटलं, प्रसंग सगळ्यांचा घ्यावा. सगळ्यांचा एकत्र प्रसंग म्हणजे दहावीचा निरोप समारंभ. केळी आणि वेफर्सची पुडी, रडणाऱ्या मुली, न रडल्याचं दाखवणारी मुलं, शाळेला भेट म्हणून दिलेलं घड्याळ. लिहिलं, ‘निरोप समारंभाचं ते घड्याळ अजून चालू आहे का?’ ओळ बरी होती. छोटी, कुणाला न दुखावणारी. पाठवणारच होतो, तेवढ्यात फोटो पुन्हा मोठा करून पाहिला.

उजवीकडे अगदी शेवटी, जवळपास चौकटीच्या बाहेर, एक मैत्रीण उभी होती. निळी साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. ती आमच्याबरोबर पाचवीपासून होती आणि नववीनंतर शाळेत आली नाही. का आली नाही, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ते इथे लिहिण्याची गरज नाही. निरोप समारंभाला ती नव्हती. दहावीच्या ग्रुप फोटोत नव्हती. ‘२००९ बॅच’ असं ज्या फलकावर लिहिलं होतं, त्या फलकाखाली उभं राहायला ती संकोचली असणार, म्हणून टोकाला. तरी ती आली होती. आणि मी जी आठवण सगळ्यांची म्हणून निवडली होती, तिच्यात ती नव्हती.

ही गोष्ट मला त्या संध्याकाळपर्यंत कधी सुचली नव्हती. जास्त सांगून टाकणं हा एक धोका सगळ्यांना दिसतो. दुसरा दिसत नाही : ‘आपण सगळे’ म्हणताना आपण कोणाला मोजतो? प्रत्येक बॅचमध्ये अशी माणसं असतात. मध्येच शाळा सोडलेली, दहावीत नापास होऊन पुढच्या वर्षीच्या पोरांबरोबर बसलेली, सहलीचे पैसे नसल्यामुळे सहलीला न आलेली, गॅदरिंगच्या नाचात न घेतलेली. सहलीची आठवण काढली की गेलेले हसतात, न गेलेले गप्प बसतात, आणि ते गप्प आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून आठवण निवडताना आणखी एक प्रश्न विचारायला हवा : फोटोतला प्रत्येक जण तिथे होता का?

या प्रश्नानं बरंच काही गळून पडतं. सहली, बक्षिसं, निकाल, निरोप, गॅदरिंग. उरतं ते रोजचं. रोजच्या गोष्टीला पैसे लागत नव्हते, निवड लागत नव्हती. परिपाठाची रांग, मधली सुट्टी, हापशाचं पाणी, शाळेचा टोल. ज्याला आपण तेव्हा काही किंमत देत नव्हतो, तेच सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलं होतं.

टोल म्हणजे आमच्याकडे विजेची घंटा नव्हती. रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, तारेनं लिंबाच्या फांदीला टांगलेला, आणि तो वाजवायला लोखंडी गज. शिपाई मामा वाजवायचे. आवाज अर्ध्या गावात जायचा. फोटोत त्या झाडाचा थोडा भाग दिसत होता. रूळ आता नाही, पण फांदीभोवती तारेचा वळसा तसाच आहे. इतक्या वर्षांत फांदी जाड झाली आणि तार सालीत रुतून बसली. फोटो मोठा केल्याशिवाय दिसत नाही.

मी लिहिलं :

‘लिंबाच्या फांदीवर तार अजून आहे. मधली सुट्टी संपल्याचा टोल रोज उशिरा का पडायचा, कोणाला आठवतंय?’

एवढंच. शाळेचं नाव नाही, कुणाचं नाव नाही. ज्याला आमची शाळा माहीत नाही त्याच्यासाठी ही एका झाडाबद्दलची साधी चौकशी आहे. त्याला काही कळत नाही आणि त्याचं काही अडतही नाही. ज्यानं तो टोल ऐकलाय त्याला मात्र आवाज आधी ऐकू येतो, मग उन्हात तापलेलं मैदान, मग आपलं स्वतःचं काहीतरी, जे मला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. वस्तूची आठवण काढण्यात हा फायदा आहे. माणसाची आठवण काढली की सगळ्यांच्या नजरा त्या माणसाकडे वळतात. वस्तूची काढली की प्रत्येक जण आपापल्या बाजूनं तिच्याकडे बघतो.

प्रश्नचिन्हही मुद्दाम ठेवलं होतं. मला उत्तर खरंच माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तरी विधान करण्यात धोका होता, कारण आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नाही. फ्रेडरिक बार्टलेट या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञानं १९३२च्या त्याच्या ‘रिमेंबरिंग’ या पुस्तकात हे दाखवलं. त्यानं इंग्रज विद्यार्थ्यांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर ती आठवून लिहायला सांगितली. लोकांनी ती आपल्या ओळखीच्या जगासारखी करून टाकली. कथेतल्या कनूची साधी होडी झाली, सीलची शिकार करायला गेलेले लोक मासे धरायला गेले. ते खोटं बोलत नव्हते. आठवताना माणूस गोष्ट पुन्हा नव्यानं जुळवतो, आणि जिथे तुकडा सापडत नाही तिथे आपल्या घरचा तुकडा बसवतो. एकतीस जण असतील तर एकतीस टोल असतात. ‘टोल असा होता’ म्हटलं की तीस जणांना गप्प बसावं लागतं किंवा भांडावं लागतं. ‘टोल का उशिरा पडायचा?’ म्हटलं की त्यांना जागा मिळते.

आणि झालंही तसंच. तासाभरात उत्तरं यायला लागली. एकानं लिहिलं, मामांचा चहा संपायचा नाही म्हणून. दुसऱ्यानं सांगितलं, छे, ऑफिसातलं घड्याळच मागे होतं. एक जण म्हणाला, उशिरा पडायचाच नाही, तुम्हीच लवकर वर्गात पळायचा, अभ्यासू कुठले! खिडकीबाहेरच्या आमच्या मित्रानं लिहिलं, ‘त्या रुळावर दगड मारून आपणच दोनदा सुट्टी केली होती.’ त्यानं स्वतःची गोष्ट स्वतः निवडली आणि ती मला माहीत असलेल्या गोष्टीपेक्षा फारच वेगळी होती. त्याची शाळा खिडकीतून सुरू होत नव्हती. ती माझ्या नजरेतून तिथे सुरू होत होती.

रात्री दहाच्या सुमारास निळ्या साडीतल्या मैत्रिणीचं उत्तर आलं. तिनं लिहिलं होतं :

‘हापशावर शेवटचा डबा माझा असायचा. मामा थांबायचे.’

मुलींची हापशावरची रांग आम्हा मुलांच्या गावीही नव्हती. ती सगळ्यात शेवटी का असायची, हे तिनं लिहिलं नाही आणि कुणी विचारलं नाही. तिच्या ओळीखाली बऱ्याच वेळानं एकीनं फक्त लिहिलं, ‘हो ग. मी हापसा मारायचे.’ त्यावर कुणी हसण्याचा चेहरा टाकला नाही. त्या फोटोखाली त्या रात्री लिहिलेली ही सगळ्यात चांगली वाक्यं, आणि ती माझी नाहीत. मला ती लिहिताही आली नसती, कारण मी तिथे नव्हतो. मी जर निरोप समारंभाच्या घड्याळाबद्दल विचारलं असतं, तर तीही तिथे नसती.

आता थोडं कोरडं पण कामाचं. असा फोटो टाकणाऱ्यानं तो ज्यांना दिसू दिलाय, त्या सगळ्यांना खाली लिहिलेलंही दिसतं. त्यात तिच्या सासरचे, ऑफिसातले, कॉलनीतले असतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, पण तेवढ्यात कुणी त्याचा स्क्रीनशॉट काढला तर तो कायमचा. शाळेचं नाव आणि दहावीचं वर्ष एकत्र आलं की जन्मसाल कुणालाही काढता येतं. आणि ‘तुमची पहिली शाळा कोणती?’, ‘तुमचे आवडते शिक्षक कोण?’ हे प्रश्न कितीतरी ठिकाणी पासवर्ड विसरल्यावर विचारतात. म्हणून ज्या आठवणीला नावांचा आधार लागत नाही, ती दोन्ही अर्थांनी सुरक्षित असते.

एक प्रसंग असा असतो जिथे दोन ओळीही नकोत. आमच्यातला एक जण आता नाही. फोटोत त्याची जागा रिकामी असल्याचं सगळ्यांना दिसत होतं. त्याचा भाऊ फोटो टाकणाऱ्या मैत्रिणीच्या ओळखीचा आहे, तो ते वाचणार होता. अशा वेळी पहिल्यांदा नाव काढण्याचा मान घरच्यांचा. त्यांनी काढलं तर आपण सोबत यायचं, नाहीतर भावाला फोन करायचा. मी फोन केला. आम्ही त्याच्या सायकलबद्दल बोललो, पाच मिनिटं. ते फोटोखाली मावलं नसतं.

खिडकीची गोष्ट माझ्याकडे तशीच आहे. न लिहिल्यामुळे ती पुसली गेलेली नाही. उलट, ती माझ्याकडे ठेवायला दिलेली आहे असं आता वाटतं. कधी तो स्वतःच बोलला, हसत किंवा न हसता, तर खिडकीच्या आतल्या बाजूनं कोणीतरी बघत होतं आणि त्याच्या वहीतलं प्रत्येक गणित बरोबर असायचं, एवढं मी त्याला सांगू शकेन.